दोन एचपीचा पट्टा

माझं नाव झुंबर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचं त्यांनी एकदाच हसून घ्यावं. आजीचं नाव मला ठेवलं, आणि धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं हजेरी घेताना प्रत्येक सर त्या नावापाशी येऊन थांबायचे. इलेक्ट्रिकलच्या वर्गात साठ मुलं आणि मी. सत्त्याऐंशी साली डिप्लोमा हातात पडला आणि मी जळगावच्या एमआयडीसीत उखर्डूनानांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले. डिझाइनला घेतो म्हणाले आणि टाइपरायटरसमोर बसवलं.

उखर्डूनाना म्हणजे वर्कशॉपचे मालकही आणि मुख्य मिस्त्रीही. तीस वर्षं लोखंड कापण्यात गेलेली. शाळा चौथीपर्यंत, पण शाफ्टला नुसता हात लावून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगणार. माणूस लाख. फक्त एक खोड. कुठलीही गोष्ट मोजून तेवढीच द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. भाजीवाली तराजू उचलल्यावर वर मूठभर टाकते ना, तसं नाना प्रत्येक कामावर वरची मूठ टाकायचे. सहा बोल्ट हवे तिथे आठ. चार सूत पत्रा सांगितला की पाच सूत. आणि वर्कशॉपमधला प्रत्येक जण नानांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे प्रत्येकाची आपापली मूठ.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी धरणगावहून शालिग्रामशेठ आले. रावेरकडचे केळीवाले, केळीचा पैसा सरकीच्या तेलगिरणीत घातलेला. गिरणीत ट्रकने मोकळी सरकी यायची आणि बायका टोपल्यांनी ती गोदामात वर नेऊन टाकायच्या. हंगामात रस्त्यावर ट्रकची रांग लागायची. शेठना पट्टा हवा होता: खाली खड्ड्यात सरकी ओतायची, पट्ट्याने ती चोवीस मीटर लांब आणि सहा मीटर उंच न्यायची आणि गोदामात टाकायची. एक ट्रक पंधरा मिनिटांत रिकामा व्हायला हवा.

"अडचण एकच," शेठ म्हणाले, "माझ्या गिरणीला वीज मंडळाने जेवढा भार मंजूर केलाय, त्यातला अडीच एचपी फक्त शिल्लक आहे. वाढवून घ्यायचा तर नवा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यात हंगाम जाईल."

नाना हिशेब मांडायला बसले नाहीत, त्यांनी नुसतं छताकडे पाहिलं. "पाच एचपी लागीन," ते म्हणाले.

"मग जमणार नाही," असं म्हणून शेठ उठायला लागले.

मी टाइपरायटरवर होते. मला राग फार लवकर येतो, आणि राग आला की मी बरोबरच असते असं नाही, पण त्या दिवशी होते. मी कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहायला लागले. पट्ट्याच्या एका मीटरवर वीस किलो सरकी, म्हणजे चोवीस मीटरवर चारशे ऐंशी किलो. चढ चारास एक, म्हणून वर ओढायला लागणार त्याच्या चौथाई, एकशेवीस किलो. रोलर, पट्ट्याचं वाकणं, कडेच्या फळ्यांना घासणं याला आणखी पन्नास. एकूण ओढ एकशेसत्तर किलो. वरचा ड्रम चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, त्याची त्रिज्या वीस सेंटिमीटर, म्हणजे ड्रमचा शाफ्ट फिरवायला लागणारा पीळ, टॉर्क, चौतीस किलो-मीटर. पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. सेकंदाला पंच्याहत्तर किलो-मीटर म्हणजे एक एचपी, म्हणून एकशेसत्तर गुणिले अर्धा, भागिले पंच्याहत्तर: एक पूर्णांक तेरा एचपी. हे झालं ड्रमपाशी. मोटरपासून ड्रमपर्यंत यायला वाटेत गिअरबॉक्स तीस टक्के खाणार आणि चेन पाच टक्के. म्हणून पॉइंट सहासष्टने भागलं. एक पूर्णांक सात.

"दोन एचपी," मी म्हणाले. "तीन दशांश तर शिल्लकच राहतात."

त्यानंतर जे झालं ते आमच्या वर्कशॉपमध्येच होऊ शकतं. कागद ड्राफ्ट्समनकडे गेला, त्याने एक पूर्णांक सात वाचलं आणि "दोन म्हणजे अगदी काठावर, तीन धरा" म्हणाला. टर्नरने तीन ऐकलं आणि पाच म्हणाला. नाना पाच ऐकून खूश झाले, कारण तो त्यांचाच आकडा होता, आणि त्यांनी लगेच वरची मूठ टाकून साडेसात केला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत सरकी तेवढीच राहिली आणि मोटर चौपट झाली.

"अहो, ही सरकी वाढली का?" मी ओरडले. "ही सगळी तुमची धास्ती मी मोटरमध्ये भरू का?"

लेथसुद्धा थांबलं. नाना माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले.

"पोरी, हाई कागदवर बरं शे. पट्टा कागद वाचस का?"

"वाचेल."

"मंग लिखी दे. दोनमा चालना तं उद्यापासून डिझाइनना टेबलवर तू. नही चालना तं टाइपरायटर, आनि परत टेबलनं नाव काढानं नही."

मी लिहून दिलं. 'दोन एचपीत चालेल. न चालल्यास जबाबदारी माझी.' खाली सही. त्या संध्याकाळी वरणगावला घरी गेले तर बाबांनी तिथल्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीतल्या टायपिस्टच्या जागेचा अर्ज आणून ठेवलेला. बाबा त्याच फॅक्टरीत कामाला होते. "टाइपच करायचंय तर सरकारी कर," ते म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी तो अर्ज गादीखाली सारला आणि दीड महिना त्याच्यावर झोपले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टा उभा राहिला. धरणगावला चाचणी. आम्ही टेम्पोतून गेलो, मी पुढे आणि नाना मागे गिअरबॉक्सच्या रिकाम्या खोक्यावर बसून, कारण त्यांना हत्यारांची पेटी नजरेआड होऊ द्यायची नव्हती. मी वाटभर काहीबाही बडबडत होते. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, ताई, बरं आहे ना?

गिरणीत मोठा थाट. पट्ट्याला हार, मोटरला कुंकू, स्टार्टरवर नारळ. दोन ट्रक सरकी भरून उभे. खड्ड्याशी सात-आठ बायका फावडी घेऊन. सरकीला रुई चिकटलेली असते, ती आपोआप खाली सरत नाही, ढकलावी लागते. त्यांची मुकादम द्रौपदाअक्का, पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेला. शेठनी नारळ फोडला, गिरणीचा वायरमन तोतारामने बटण दाबलं आणि पट्टा निघाला.

आणि काय निघाला! मी आयुष्यात पहिल्यांदा असा पट्टा चालताना पाहत होते. ड्रॉइंगवर तो नुसत्या दोन रेघा होता. इथे पांढरी सरकी सरसर वर चढत होती, वरून धबाधबा गोदामात पडत होती, बायका ओरडत होत्या, कुणीतरी शिट्टी मारली. मला नाचावंसं वाटत होतं. मी तेवढ्यावर थांबले कारण स्टार्टरपाशी उभं राहून करंट बघायचं काम माझं होतं.

तोतारामने वायरीला टाँगटेस्टर, करंट मोजायचा चिमटा, लावला. मोटरच्या पाटीवर तीन पूर्णांक चार अँपिअर लिहिलेलं. काटा चार पूर्णांक तीनवर.

मी डोळे चोळले. काटा तिथेच.

आठव्या मिनिटाला स्टार्टरमध्ये टक् झालं आणि पट्टा थांबला. ओव्हरलोड रिले पडला होता. मोटर जळू नये म्हणून तो असतो, आपलं काम त्याने चोख केलं. थोडं थांबून पुन्हा चालू केलं. या वेळी तिसऱ्याच मिनिटाला टक्.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या शांततेत हारातला एक झेंडू पट्ट्यावरून गळून पडला आणि तो पडलेलाही सगळ्यांनी पाहिला.

"बाई," शेठ हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "रिले थोडा वाढवून लावता येणार नाही का?"

"मग मोटर जळेल," मी म्हणाले. ते माझं त्या वेळचं एकमेव बरोबर वाक्य असावं असं मला वाटलं. कानात नुसतं टाइपरायटर वाजत होतं.

नाना मात्र काही बोलले नाहीत. 'मी सांगितलं होतं' हेही नाही. त्यांनी रुमालाने मान पुसली. मला वाटलं, माझी दया येते आहे. त्याचाच मला भयंकर राग आला, आणि राग आल्यावर माझं डोकं चालायला लागतं.

आकडा तीन गोष्टींचा होता: टॉर्क, वेग आणि वाटेतली खादाडी. मोटर जास्त खेचते आहे म्हणजे तिन्हींपैकी एक काहीतरी कागदावर होतं तसं इथे नाही. कुठलं?

"टॉर्क मोजायचा," मी जाहीर केलं. "आत्ता. पट्टा भरलेलाच राहू द्या."

"कसा मोजणार?" शेठनी विचारलं.

"तोतारामभाऊंना टांगून."

तोताराम दोन पावलं मागे सरकला. पण तोपर्यंत द्रौपदाअक्काने त्याला सरकी तोलायच्या काट्यावर उभंही केलं होतं. बावन्न किलो. "हाऊ तं पोतंबी नही," अक्का म्हणाली आणि बायका फिदीफिदी हसल्या.

वर ड्रमपाशी रेलिंगचा चौथरा होता. आम्ही चढलो. एक मीटरचा पाइप ड्रमच्या शाफ्टला मधोमध घट्ट बांधला, दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे पाइपाचं स्वतःचं वजन इकडचं तिकडे फिटलं. आता चेन काढायची होती. पण भरलेला पट्टा चढावर उभा होता आणि त्याला धरून ठेवलं होतं गिअरबॉक्सने. चेन सुटली की पट्टा सगळी सरकी घेऊन मागे पळणार.

"म्हणून आधी तोतारामभाऊ लोंबकळतील, मग चेन निघेल."

"आनि मी हात सोडा तं?" तोतारामने विचारलं.

"मग खालच्या सगळ्या बायका सरकीत बुडतील."

खालून आठ जणींनी एकदम हात सोडू नको म्हणून गलका केला. तोतारामने डोळे मिटले, पाइपाच्या टोकाला मिठी मारली आणि पाय उचलले. चेन काढायला मी पुढे झाले तर नानांनी मला अडवलं. "मी काढस. तू तिकडे बघ." गिअरबॉक्सकडच्या बाजूला ते स्वतः वाकले आणि चेनची कडी सुटली.

पट्टा हलला नाही. ना वर, ना खाली. बावन्न किलोचा तोताराम पाच क्विंटल सरकी धरून लोंबकळत होता आणि खाली टाळ्या पडत होत्या.

"आता वजन वाढवा!"

पाच-पाच किलोची मापं पिशवीत घालून तोतारामच्या कमरेला बांधायला सुरुवात केली. सत्तावन्न. बासष्ट. पट्टा गप्प. तोतारामला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि तो ओरडायला लागला, अहो पोट सोडा, पोट सोडा. सदुसष्ट. पट्टा गप्प. शेठ स्वतः शिडी चढून आले होते आणि माप हातात देत होते. बहात्तर, आणि ड्रम करकरला. तोताराम पाळण्यात बसल्यासारखा सावकाश खाली गेला आणि सरकी वर सरकली.

"बहात्तर गुणिले अर्धा, छत्तीस!" मी किंचाळले. "माझे चौतीस होते! जागेवरून हलवायला थोडं जास्त लागतंच. टॉर्क बरोबर आहे! माझा टॉर्क बरोबर आहे!"

मी शेठचा हात धरून हलवला. ते भानावर येईपर्यंत मी रेलिंगही हलवलं.

"टॉर्क बरोबर, पण पट्टा बंद," शेठ म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. तोताराम म्हणाला, मला उतरवा. नानांनी पुन्हा वाकून चेन चढवली, आणि पाइप सुटल्यावर तोताराम चौथऱ्यावर सपशेल आडवा झाला.

आम्ही खाली आलो. आता दोनच उरल्या होत्या, आणि वेग तर ड्रॉइंगमधल्या दातांनीच ठरलेला. गिअरबॉक्सला हात लावून पाहिला, कोमट होता, पण भाजण्यासारखा नाही. आत काही घासत असतं तर हात ठेवता आला नसता. मी कपाळाला हात लावून खड्ड्याच्या कठड्यावर बसले. शेजारी द्रौपदाअक्का पाणी पीत होती. तिचा श्वास अजून फुललेला होता.

"ताई, एक सांगू?" ती म्हणाली. "तुमना पट्टा लई खाबू शे. टाकं की गायब, टाकं की गायब. आठ जनीस्ना हात पुरत नहीत. पंधरा मिनिटमा ट्रक म्हने! आठ मिनिटमा पाऊन ट्रकनी वर सरकी गिळी गया."

मी उठून उभी राहिले. इतकी झटकन की अक्काच्या हातातला तांब्या सांडला.

आठ मिनिटांत पाऊण ट्रक. माझ्या हिशेबाने आठ मिनिटांत अर्ध्याच्या जरा वर व्हायला हवा होता. खड्ड्याखालच्या झडपेतून मीटरला वीस किलोच सरकी निघते, पट्टा हळू पळो की जोरात. म्हणजे ओढ तीच, टॉर्क तोच. पण सेकंदाला जेवढे जास्त मीटर, तेवढी जास्त ताकद. वेग! माझ्या नाकासमोरून पळत होता आणि मी करंटचा काटा बघत बसले होते.

"खडू आणा! झडप लावा, पट्टा रिकामा चालवा!"

खडूने पट्ट्यावर पांढरी रेघ मारली. सबंध पट्टा जाऊन-येऊन पन्नास मीटर. अर्धा मीटर सेकंदाला, म्हणजे रेघ शंभर सेकंदांनी परत यायला हवी. शेठनी घड्याळ काढलं. अख्खी गिरणी आकडे म्हणायला लागली. साठपर्यंत सूर लागला होता. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, आणि रेघ आली!

माझ्या शंभरच्या जागी सहासष्ट. पट्टा दीडपट वेगाने पळत होता. दीडपट वेग म्हणजे दीडपट एचपी: एक पूर्णांक सातचे अडीचच्याही वर. दोनच्या मोटरवर अडीचचं ओझं टाकलं तर रिले पडणार नाही तर काय करणार!

मी स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून तोतारामच्या खिशात घातले आणि शिडी चढले. माझ्यामागे नाना चढले. बाकी कुणी नाही. चेनचं झाकण मी उघडलं. ड्रमवरचं चक्र चोवीस दातांचं, बरोबर. गिअरबॉक्सवरचं ड्रॉइंगमध्ये सोळा दातांचं. मी मोजायला लागले. सोळा झाले तरी पुढे बरेच दात शिल्लक होते. सतरा, अठरा, वीस, बावीस, चोवीस.

मी वळून पाहिलं. नाना रेलिंगला टेकून उभे होते. तीस वर्षं मिस्त्रीगिरी केलेला माणूस, आणि चेहरा चुकून काच फोडल्यासारखा.

"हाई चोवीसनं मी लाई दिधं," ते हळू म्हणाले. "मांगला आठवडामा, तू घर गयी तव्हा वर्कशॉपमा पट्टा चालाडी पाहा, तं लई सावकाश चाले. मन्ह मन म्हने, पोरीनं पहिलं मशीन, लोकं हासतीन. जरासं पळू दे. मोटर तं रिकामा पट्टावर मस्त फिरे. मी म्हनं, पोरीना हिशेबमा उखर्डूनी एक मूठ." ते थांबले. "तोताराम लटकना तव्हाच माले समजनं. पन जीभ उठनी नही."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. आधी राग आला. दीड महिना ज्या अर्जावर झोपले तो आठवला. मग त्या रागाखालून भलतंच काहीतरी वर आलं आणि मला रडूच कोसळायला लागलं, कारण माझं मशीन हळू दिसू नये म्हणून या माणसाने एवढा विचार केला होता. आमच्या घरात कुणी माझ्या मशीनचा विचार केला नव्हता. मी डोळे पुसले आणि ठरवलं, शेठना काही सांगायचं नाही. चेन जुळवली म्हणून सांगू. तीस वर्षांचं नाव एका चक्रापायी कशाला घालवायचं?

"नाना, मी खाली सांगते, चेनचं ॲडजस्टमेंट..."

माझं वाक्य पुरं झालंच नाही. नाना रेलिंगवरून अर्धे बाहेर वाकले आणि सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असे ओरडले,

"शेठ! मोटरनी चूक नही! पोरीनी चूक नही! चूक मन्ही शे! बठ्ठी मन्ही!"

खाली क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग द्रौपदाअक्का हसायला लागली. तिला का हसू आलं हे तिलाही सांगता आलं नसतं, पण तिच्यामागे सगळ्या बायका, मग तोताराम, मग ट्रकचे दोन्ही ड्रायव्हर. सहा मीटर उंचीवर मी आणि नाना एकमेकांना धरून हसत होतो आणि माझ्या गालावरचं पाणी थांबत नव्हतं.

फक्त शेठ हसत नव्हते. सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पण मला हाच वेग आवडला! दहा मिनिटांत ट्रक. हाच ठेवा की."

"ठेवते. तीन एचपीची मोटर लागेल. तुमच्याकडे शिल्लक अडीच."

"तुम्ही एवढं मोजता, मग अडीचमध्ये बसवा!"

"शेठ, वेग फुकट मिळत नाही. पट्टा जेवढा पळवाल तेवढं मोटर मागणार. घासाघीस मी करेन, ती करणार नाही."

शेठ आणखी काही बोलणार होते, पण अक्काने फावडं जमिनीवर आपटलं. "शेठ, इतला पळाडाना व्हई तं तुम्ही या खड्डामा. आमना हात आठ मिनिटमाच मोडनात. पंधरा मिनिटना पट्टा आम्हले पुरस."

शेठनी खड्ड्याकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं, आणि पंधरा मिनिटं ठीक आहेत म्हणाले.

सोळा दातांचं चक्र आणायला जळगावला जावं लागणार म्हणून मी घड्याळ बघितलं. तोवर नानांनी हत्यारांची पेटी उघडली होती. तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, माझ्या ड्रॉइंगचं सोळा दातांचं चक्र. म्हणून पेटी नजरेआड होऊ देत नव्हते.

"मन खाये," एवढंच ते म्हणाले. चक्र त्यांनी स्वतः बसवलं. मी दात मोजले. नानांच्या समोर मोजले, मोठ्याने, आणि त्यांनीही माझ्याबरोबर मोजले.

दुपारी तीन वाजता पुन्हा बटण दाबलं. पट्टा सावकाश निघाला. खरंच सावकाश, नाना म्हणत होते तसाच. सरकी जणू फिरायला निघाल्यासारखी वर चालली होती. पण काटा तीनवर जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. आठ मिनिटं झाली. मी स्टार्टरकडे कान लावून उभी. दहा. बारा. बायका आता फावडं मारता मारता गप्पा मारत होत्या. सोळाव्या मिनिटाला पहिला ट्रक झाडून रिकामा झाला आणि लगेच दुसरा लागला. तोही झाला. रिले ढिम्म. मोटरवर हात ठेवला तर नुसती ऊब. मी तो हात काढलाच नाही. शेठनी पेढे वाटायला काढले तेव्हा डाव्या हाताने घेतला, आणि पेढे वाटणाऱ्याने काही म्हटलंही नाही.

नाना चहा पीत शेठशेजारी बसले होते. शेठ एकदम खुशीत. त्यांनी गिरणीच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं.

"नाना, आता तिकडे तेल गाळून उरलेल्या ढेपेसाठी पण एक पट्टा करू. घाण्यापासून ते पोत्यांपर्यंत. तीस मीटर असेल, जरासा चढ. मोटर किती घालायची? पुढच्या वर्षी भार वाढवून घेतोय, काळजी नाही. बोला, किती?"

अंतर, चढ, ढेप: तीस वर्षांत असे शंभर प्रश्न आले असतील. नानांची नजर सवयीने वर छताकडे गेली. तोंड उघडलं. आकडा जिभेवर आलेला मला दिसला, वरच्या मुठीसकट. सगळे वाट पाहत होते.

नानांनी तोंड मिटलं. कपबशी खाली ठेवली.

"माले ठाऊक नही," ते म्हणाले. "आमनी इंजिनिअर शे ना तठे. तिले इचारा."

शेठ माझ्याकडे वळले. द्रौपदाअक्का वळली, तोताराम वळला. मोटर माझ्या हाताखाली गुणगुणत होती. मला आकडा माहीत नव्हता, आणि तो माहीत नाही याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"टेप द्या," मी म्हणाले. "मोजून सांगते."